कानाच्या पाळीवरून आई-बाप ठरत नाहीत

*मी बारावीत आहे. जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी वर्गातल्या २४ जणांच्या घरी कानाची पाळी मोकळी की चिकटलेली याची पाहणी केली आणि प्रत्येक घराची वंशावळ काढून मोठा तक्ता बनवला. तो प्रदर्शनात लागणार आहे. माझ्या मैत्रिणीच्या आई-बाबांच्या, दोघांच्याही पाळ्या चिकटलेल्या आहेत आणि तिची मोकळी. पुस्तकाप्रमाणे असं होऊच शकत नाही. तिने तक्ता पाहिला, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. एका मुलाने वडिलांचा रकाना कोरा ठेवला. मी दोनदा विचारलं तर तो चिडला. तीन आठवडे उरलेत. मैत्रिणीची नोंद गाळून तक्ता लावू का?*
*— बारावीतली एक*

नोंद गाळू नकोस, आणि तक्ताही लावू नकोस. आधी मैत्रिणीचं बघू, कारण तिला तीन आठवडे ताटकळत ठेवणं बरं नाही.

पुस्तकातलं गणित असं चालतं. मोकळी पाळी प्रभावी, चिकटलेली अप्रभावी, आणि हे ठरवणारं जनुक एकच. चिकटलेली पाळी दिसायची तर त्या जनुकाच्या दोन्ही प्रती अप्रभावी हव्यात. मग अशा आई-बाबांकडे मोकळ्या पाळीची प्रत उरतच नाही, मुलीला ती येणार कुठून? या गणितात चूक नाही. चूक ते ज्यावर उभं आहे त्या गृहीतकात आहे. पाळीचं जनुक एकच नाही.

१९३७ साली पॉवेल आणि व्हिटनी या दोघांनी एका घराण्यातल्या तीन पिढ्यांच्या कानांचे फोटो छापून ही प्रभावी-अप्रभावीची मांडणी केली. घराणं एकच, हे लक्षात घे. त्याच वर्षी वीनर नावाच्या संशोधकाने आक्षेप घेतला की पाळ्यांचे असे दोन गट पडतच नाहीत, पूर्ण मोकळीपासून पूर्ण चिकटलेलीपर्यंत मधल्या सगळ्या पायऱ्या माणसांत सापडतात. पुढे १९६० च्या दशकातल्या पाहण्यांत चिकटलेल्या पाळीच्या जोडप्यांना मोकळ्या पाळीची मुलं असल्याचं नोंदलं गेलं. आणि २०१७ मध्ये ७४ हजारांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती एकत्र तपासली, तेव्हा पाळीच्या ठेवणीशी संबंध असलेल्या डीएनएवरच्या ४९ जागा सापडल्या. त्यातलं एक जनुक तर केसांच्या जाडीवरही परिणाम करतं. पाळीसाठी म्हणून राखून ठेवलेलं असं काही तिथे नाही. पाठ्यपुस्तकांनी मात्र १९३७ मधली पहिली बाजू उचलली आणि दुसरी तिथेच राहिली.

आता ४९ जागांचं गणित हातानं करता येणार नाही, म्हणून सहा जागांचं करू. समजा, प्रत्येक जागी दोन प्रती, म्हणजे एका माणसाकडे एकूण बारा प्रती. काही प्रती पाळीला मोकळेपणाकडे थोडं ढकलतात, काही ढकलत नाहीत. ढकलणाऱ्या प्रती सात किंवा जास्त झाल्या तर पाळी बघणाऱ्याला मोकळी वाटते, सहा किंवा कमी असल्या तर चिकटलेली. मैत्रिणीच्या बाबांकडे सहा आहेत, प्रत्येक जागी एक. आईकडेही तशाच सहा. दोघांच्याही पाळ्या चिकटलेल्या दिसणार, पण काठावरच्या.

मुलीला प्रत्येक जागी बाबांकडून एक प्रत मिळते आणि आईकडून एक. ती ढकलणारी असेल की नसेल हे नाणं उडवण्यासारखं. सहा जागा, दोन पालक, म्हणजे बारा नाणी. बारा नाणी उडवल्यावर सात किंवा जास्त छापे किती वेळा पडतील? एकूण ४,०९६ शक्यता आहेत. त्यातल्या ९२४ मध्ये बरोबर सहा छापे पडतात. उरलेल्या ३,१७२ शक्यता निम्म्या सहाच्या वर आणि निम्म्या खाली, म्हणजे सातपासून बारापर्यंतच्या १,५८६ झाल्या. शंभरात साधारण ३९.

म्हणजे दोघं काठावरचे असले तर पुस्तक ज्याला अशक्य म्हणतं ते पाचात दोनदा घडतं. खऱ्या जागा एकसारख्या जोराच्या नसतात, काही जास्त ढकलतात, काही जेमतेम, म्हणून ३९ हा आकडा मैत्रिणीच्या घरावर चिकटवू नकोस. तो माझ्या सहा जागांचा आहे. पण पाळी एका पिढीत रेषेच्या अलीकडून पलीकडे कशी जाते ते यातून दिसतं. खरी नाणी घे, बारा एकदम मुठीत घेऊन टाक, छापे मोज, आणि असं पन्नासदा कर. वीस मिनिटं लागतील.

हे तिला सांग, पण कसं सांगतेस ते जप. तुझ्या तोंडावर एक वाक्य येईल, कारण कुणाच्याही येईल: "अगं, काळजी करू नको, ते तुझेच आई-बाबा आहेत." हे म्हणू नकोस. तुला ते माहीत नाही, मलाही नाही, आणि पाळीवरून ते कधीच कळणार नाही. आज तू पाळीच्या आधाराने "आहेत" म्हणालीस, तर उद्या दुसऱ्या कुणाला त्याच आधाराने "नाहीत" म्हणायला वाट मोकळी होते. शिवाय एखादी मुलगी खरंच दत्तक असेल, तिला ते ठाऊक असेल आणि वर्गाला नसेल, तर तुझा दिलासा तिच्या कानाला वेगळाच लागेल. म्हणायचं ते एवढंच: माझा तक्ता चुकीच्या नियमावर बांधला होता, नियम का चुकीचा ते हे बघ, आणि मी तो काढून टाकला आहे. तिच्या घराबद्दल एक अक्षर नको.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळल्यामुळे सांगते. मी शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी वर्गात जीभ गोल वळवण्याचा खेळ घेतला होता. ज्यांना वळवता येते त्यांनी हात वर करा, घरी जाऊन आई-बाबांचं बघून या, नेहमीचंच. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगा रेंगाळला. त्याला जीभ वळवता येत होती, घरात दोघांनाही येत नव्हती. मी त्याला म्हटलं, "अपवाद असतात रे." तो "बरं" म्हणून गेला, आणि वर्षभर पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर बसत राहिला. जीभ वळवणं एका जनुकाचं आहे असं १९४० मध्ये स्टर्टेव्हंट यांनी मांडलं होतं. १९५२ मध्ये मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या आणि त्यातल्या सात जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती, दुसऱ्याला नाही. जनुकं तीच, तरीही. १९६५ मध्ये खुद्द स्टर्टेव्हंट यांनी, हे उदाहरण अजून सिद्ध म्हणून दिलं जातं याची आपल्याला लाज वाटते, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे. मी वर्गात तो खेळ घेतला तो याच्या कितीतरी नंतर. मी वाचलं नव्हतं, एवढंच. "अपवाद" हा शब्द मी त्या मुलाला चिकटवला, खरं तर तो नियमाला चिकटवायला हवा होता.

रकाना कोरा ठेवणाऱ्या मुलाकडे तिसऱ्यांदा जाऊ नकोस. माफी मागायलाही चारचौघांत नको. एकट्याला गाठून "तो फॉर्म मी प्रकल्पातून काढला, मी परत परत विचारायला नको होतं" इतकं पुरे, आणि तो काय म्हणतो याची वाट पाहत उभी राहू नकोस.

आता हातातल्या २४ फॉर्मचं. त्यावर नावं आहेत आणि बहुतेक फोनमध्ये कानांचे फोटोही असतील. ज्याचा फॉर्म त्याला बंद पाकिटात परत दे. फोटो फोनमधून आणि फोन जिथे आपोआप साठवतो तिथूनही काढ. वंशावळींचा तक्ता फाडून टाक. नुसती नावं खोडून तो लावावा असं मनात येईल, पण त्याने काही साधत नाही. दोन बहिणी, एक भाऊ, आजी आहे, आजोबा नाहीत, अशी आकृती दिसली की वर्गातलं कुणीही घर ओळखतं.

मग प्रकल्प कशाचा करायचा? प्रश्न बदल. "पाळी कशी उतरते" याऐवजी "पाळ्यांचे खरंच दोन गट पडतात का" हा प्रश्न घे. याला घर लागत नाही, नातं लागत नाही, नुसते कान लागतात, आणि तीन आठवड्यांत नीट होतो.

तीस जण घे, स्वखुशीने आलेले. एकाच्या एकाच कानाकडे बघायचं, समजा सगळ्यांचा उजवा. माणूस ताठ बसलेला, समोर बघणारा, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत. मान थोडी जरी वर गेली तरी पाळी वेगळी दिसते. कानातलं काढलेलं असावं, केस त्यांनी स्वतः मागे घ्यावेत, आणि पट्टी जवळ नेण्याआधी विचारावं. आता दोन बिंदू शोध. पहिला, पाळी गालाला जिथे खाली जोडली जाते तो. दुसरा, पाळीचा सर्वांत खालचा. पट्टी उभी धर, कानाला दाबू नकोस, आणि दोन्ही बिंदूंमधलं उभं अंतर मिलिमीटरमध्ये लिही. जोडणीचा बिंदूच सर्वांत खाली असेल तर शून्य. पाळी खाली लोंबत असेल तर जेवढी लोंबते तेवढा आकडा.

हे तीस आकडे एका रेषेवर ठिपक्यांनी मांड. पुस्तकाचं खरं असेल तर ठिपक्यांचे दोन पुंजके पडतील, मध्ये रिकामी जागा. मला ती रिकामी जागा दिसेल असं वाटत नाही, पण ठिपके तुझे, तू बघ.

याच तिसांवर दुसरी गोष्ट कर. तू आणि आणखी एक जण, दोघांनी एकमेकांना न सांगता प्रत्येक कान मोकळा, अर्धवट की चिकटलेला यापैकी एका खणात टाकायचा, नुसत्या नजरेने. मग याद्या जुळवायच्या. समजा, तिसापैकी २१ कानांवर तुमचं एकमत झालं. सत्तर टक्के, ऐकायला छान वाटतं. पण डोळे मिटून खण भरले असते तरी काही एकमत झालंच असतं. समजा, दोघांनीही १५ मोकळे, ९ अर्धवट आणि ६ चिकटलेले असे टाकले होते. मग योगायोगाने जुळणारे किती? पंधराचा वर्ग २२५, नऊचा ८१, सहाचा ३६, बेरीज ३४२, भागिले ३०, म्हणजे ११.४. योगायोगाच्या वर तुम्ही ९.६ कान जुळवलेत, आणि जास्तीत जास्त १८.६ जुळवता आले असते. भागाकार ०.५२. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. पूर्ण एकमताला तो १ येतो, निव्वळ योगायोगाला शून्य.

०.५२ चा अर्थ असा, की एका कानाला एक जण काय म्हणेल यावरून दुसरा काय म्हणेल हे तुला बेतानेच सांगता येतं. आणि जिथे बिनसलं ते नऊ कान कोणते ते मिलिमीटरच्या यादीत शोध. बहुतेक सगळे कमी आकड्यांचे, शून्याच्या आसपासचे निघतील. आता मागे वळून विचार कर. मैत्रिणीच्या आईची पाळी "चिकटलेली" हे कुणी ठरवलं होतं? आईनं आरशात बघून? मैत्रिणीनं? की तू, फोटोवरून? लहानपणापासून जड कानातलं घालून ओढली गेलेली पाळी तू कशात धरलीस? वय वाढतं तशी पाळी लांबतेही, म्हणजे पंचेचाळिशीचे बाबा आणि सतराची मुलगी यांची तुलना मुळातच सरळ नाही. जनुकापर्यंत पोहोचण्याआधीच रकाना डळमळतो.

सर म्हणतील, आनुवंशिकतेचा प्रकल्प आहे, आनुवंशिकता कुठे आहे? त्याची तयारी ठेव. पालक-अपत्य तुलना हवीच असेल तर ती पाकिटांनी करता येते. वर्गातल्या प्रत्येकाला सारखं पाकीट, आत एक चिठ्ठी. रक्ताचं नातं असलेली कोणतीही दोन माणसं, एक पालक आणि एक अपत्य, ज्याने त्याने निवडावीत. मामा आणि आजी चालेल, शेजारच्या काकू आणि त्यांचा मुलगा चालेल. स्वतःचंच घर हवं असं नाही. चिठ्ठीवर दोन आकडे, आधी पालकाचा, मग अपत्याचा, बाकी काही नाही. नाव, वय, नातं काहीच नाही. आणि ज्याला भरायची नाही त्याने कोरी चिठ्ठी घालून पाकीट चिकटवून द्यायचं. सगळ्यांचं पाकीट पेटीत पडतं, म्हणून कुणी भरलं नाही ते पेटी उघडणाऱ्यालाही कळत नाही. तुला त्या मुलाकडे दोनदा जावं लागलं ते कोरा रकाना सगळ्यांसमोर कोरा दिसत होता म्हणून.

आलेख काढ, आडव्या अक्षावर पालक, उभ्या अक्षावर अपत्य, प्रत्येक जोडी एक ठिपका. असं काम गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीवर केलं होतं, २०५ आई-बापांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं घेऊन. तुझ्याकडे फार तर वीस ठिपके येतील. वीस ठिपक्यांतून ओढलेली रेषा चढती आली तरी एका-दोन ठिपक्यांनी ती आडवी होऊ शकते. कुठलाही एक ठिपका झाकून रेषा परत ओढून बघ, किती हलते ते दिसेल, आणि तेच अहवालात लिही.

एका मोहापासून मात्र लांब राहा. पाळी अवघड निघाली म्हणून कुणीतरी म्हणेल, रक्तगट घे, ते तरी पुस्तकाप्रमाणे चालतात. चालतात, म्हणूनच घेऊ नयेत. तिथे न जुळणारी नोंद आली तर ती सहज उडवून लावता येत नाही. आणि तरीही ती चुकीची असू शकते. बऱ्याच लोकांना आपला गट ऐकीव माहीत असतो, आणि १९५२ मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या बॉम्बे रक्तगटाचा माणूस साध्या चाचणीत ओ दिसतो, पण ए किंवा बीचं जनुक मुलाला देऊ शकतो. एवढं सगळं बारावीच्या प्रदर्शनातल्या टेबलापाशी कोण कुणाला समजावत बसणार? सरांना तीनास एक हे प्रमाण बघायचंच असेल तर जांभळ्या आणि पिवळ्या दाण्यांचं, दुसऱ्या पिढीचं मक्याचं कणीस आणा आणि दाणे मोजा. मक्याच्या दाण्यांना घरी जाऊन कुणाला तोंड दाखवायचं नसतं.

दुसरा निरीक्षक म्हणून मैत्रिणीला विचारावं का, असं तुझ्या मनात येईल. आज नको. तिने नाणी उडवून बघितली, आणि पुढचं तिनेच काढलं, तर विचार.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बहुधा पहिलाच प्रश्न हा टाकतील: "मग सांग, मोकळी पाळी प्रभावी की अप्रभावी?" दोन्हीपैकी एक निवडू नकोस. त्यांच्यासमोर ठिपक्यांची रेषा ठेव आणि विचार, "सर, यातल्या कोणत्या ठिपक्यापासून मोकळी धरू?"